पगार जातो कुठे? रुंदीने सांगणारं चित्र

महिन्याचा हिशेब वहीत लिहिणाऱ्या घरांतही एक प्रश्न हमखास उरतो : नेमकी बचत किती? आकड्यांच्या रांगेत किराणा, हप्ता आणि एसआयपी एकाखाली एक बसतात. पैसा कुठून निघाला, वाटेत कुठे फुटला आणि शेवटी कुठे पोचला, हे त्या रांगेतून कळत नाही. त्यासाठी सँकी आकृती उपयोगी पडते. मॅथ्यू सँकी या आयरिश अभियंत्याने १८९८ मध्ये वाफेच्या इंजिनातली ऊर्जा कुठे कामी येते आणि कुठे वाया जाते हे पट्ट्यांनी दाखवलं, म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. तिचा नियम एकच आहे : पट्टीची रुंदी रकमेच्या प्रमाणात हवी.

नाशिकमधलं एक काल्पनिक कुटुंब घेऊ. नवऱ्याचा पगार ६२,००० रुपये आणि बायकोच्या शिकवण्यांचे १२,०००, म्हणजे एकूण ७४,०००. आलेख कागदावर १ मिलिमीटर म्हणजे १,००० रुपये असं प्रमाण धरलं, तर डावीकडून ६२ आणि १२ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या येतात आणि ७४ मिलिमीटरच्या एका पट्टीत मिसळतात.

पहिला फाटा पगार बँकेत येण्याआधीच फुटतो. मूळ वेतन ३०,००० असल्याने १२ टक्क्यांनी ३,६०० रुपये पीएफला जातात आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. हातात उरतात ७०,२००. बहुतेक घरांचा हिशेब या रकमेपासून सुरू होतो आणि पीएफ नजरेआडच राहतो.

हातातल्या रकमेतून पुढचे फाटे असे निघतात : घराचा हप्ता १७,३५०, स्वयंपाकघर १६,०००, वीज, मोबाइल, सोसायटी व पेट्रोल मिळून ८,०००, शाळेची फी ७,५००, विमा २,०००, गावी आईवडिलांना ४,०००, कपडे, औषधं व बाहेरचं खाणं ६,००० आणि एसआयपी ५,०००. शाळेची ९०,००० फी आणि विम्याचा २४,००० रुपयांचा हप्ता वर्षातून एकदाच भरायचा असला, तरी त्यांना बाराने भागून घेतलं आहे. तसं केलं नाही, तर अकरा महिन्यांची चित्रं खोटी सुबत्ता दाखवतात.

हप्त्याची पट्टी मात्र इथेच थांबवायची नाही. २० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर पहिल्या महिन्याच्या हप्त्यात सुमारे १४,१५० व्याज असतं आणि फक्त ३,२०० मुद्दल फिटते. व्याज हा खर्च झाला. पण मुद्दल फिटते तेवढं कर्ज कमी होतं, म्हणून ती पट्टी बचतीकडे वळवायची. कर्जाचं विवरणपत्र पाहून दर काही महिन्यांनी हे आकडे बदलावे लागतात, कारण मुद्दलाचा वाटा वाढत जातो.

आता उजवीकडे पाहा. एसआयपी ५,०००, पीएफ ३,६०० आणि मुद्दल ३,२०० मिळून बचत ११,८०० होते, म्हणजे उत्पन्नाच्या जवळपास १६ टक्के. फक्त एसआयपी मोजली असती, तर हातातल्या रकमेच्या सात टक्केच दिसली असती. अर्थात पीएफ आणि मुद्दल अडचणीत लगेच हाताशी येत नाहीत, म्हणून त्यांना वेगळा रंग द्यावा.

बेरीज केली तर हातातल्या रकमेतले ४,३५० रुपये कुठल्याच फाट्यात सापडत नाहीत. त्यांना परस्पर ‘बचत’ म्हणण्याचा मोह टाळून ‘हिशेब नाही’ अशी पट्टी काढावी. महिनाअखेरीस खात्यातली शिल्लक तेवढी वाढली नसेल, तर हे पैसे खर्चच झाले आहेत.

संगणकावर हेच काम SankeyMATIC या साधनात होतं. ‘कुठून, किती, कुठे’ अशी एकेक ओळ लिहायची :

```
हातातली रक्कम [17350] घराचा हप्ता
घराचा हप्ता [14150] व्याज
घराचा हप्ता [3200] बचत
```

चुका बहुतेक एकाच जागी होतात. क्रेडिट कार्डावर घेतलेला किराणा एकदा किराण्यात आणि मग कार्डाच्या बिलात असा दोनदा मोजला जातो. डावी आणि उजवी बाजू जुळली नाही की ही शंका आधी घ्यावी.

चित्राला मर्यादाही आहेत. व्यवसाय कराची पट्टी ०.२ मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम रेघ. असे बारीक खर्च एकत्र करावे लागतात. पैसे कोणत्या तारखेला आले-गेले हेही त्यात दिसत नाही. एखाद्या महिन्यात खर्च उत्पन्नापेक्षा जास्त झाला, तर उजवीकडच्या पट्ट्या आखडून घ्यायच्या नाहीत. डावीकडे ‘जुन्या बचतीतून’ किंवा ‘उधारीतून’ अशी नवी पट्टी काढायची. तिची रुंदी म्हणजेच त्या महिन्याची तूट.