स्लॅब दर वेळी उशिराच का पडतो?

पाऊस होता, कामगार गावाला गेले होते, काँक्रीटची गाडी वाटेत अडकली. साइटवर स्लॅब लांबला की कारणं तयारच असतात आणि बहुतेक वेळा खरीही असतात. पण कारण दर मजल्याला वेगळं आणि उशीर मात्र दर मजल्याला तेवढाच, असं होत असेल तर प्रत्येक मजल्यावर हजर असलेली एखादी गोष्ट कुणाच्या नजरेत आलेली नाही, हे नक्की.

ती शोधायला जपानी कारखान्यांतली दोन साधनं कामी येतात. गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांनी रूढ केलेली माशाच्या काट्याची आकृती शोध कुठे घ्यायचा ते दाखवते. टोयोटातली, पुन्हा पुन्हा ‘का?’ विचारण्याची सवय खोल नेते. टोयोटाचे ताइची ओनो यांनी बंद पडलेल्या यंत्राचं उदाहरण दिलं आहे. फ्यूज उडाला, कारण यंत्रावर ताण आला. ताण आला, कारण बेअरिंगला पुरेसं तेल मिळालं नाही. तेल मिळालं नाही, कारण पंप नीट ओढत नव्हता. पंपाचा दांडा झिजला होता. आणि दांडा झिजला, कारण गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला. नुसता फ्यूज बदलला असता तर यंत्र पुन्हा बंद पडलं असतं.

आता एक नमुना घेऊ. समजा, बारा मजली इमारतीत दर चौदा दिवसांनी स्लॅब पडायचा ठरलंय आणि तो पडतोय एकोणिसाव्या दिवशी. माशाच्या डोक्यात ‘प्रोजेक्ट मागे पडलाय’ असं लिहिलं तर हाती काही लागत नाही. आधी साइटचं रजिस्टर उघडायचं. सेंट्रिंग वेळेत होतं, सळईही वेळेत बांधून होते. त्यानंतर काँक्रीट पडेपर्यंत मात्र दोनाऐवजी सात दिवस जातात. हे वाक्य म्हणजे डोकं.

मग काटे काढायचे: माणसं, साहित्य, यंत्रं, ड्रॉइंग, तपासणी, हवामान. हे काम मॅनेजरने केबिनमध्ये एकट्याने करायचं नाही. मुकादम, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि स्टोअरवाला समोर हवेत. सुचेल ते कारण योग्य काट्यावर लिहून झालं की झालेल्या सहा मजल्यांच्या नोंदींशी ते पडताळायचं. समजा पाऊस दोनच मजल्यांना आडवा आला, गाडी एकदाच अडकली, पण ‘तपासणीत दुरुस्ती निघाली’ ही नोंद सहाही मजल्यांवर आहे. मग ‘का?’ची सुरुवात तिथून करायची.

दुरुस्ती का निघाली? प्लंबिंगच्या स्लीव्हसाठी बांधलेल्या सळया सरकवाव्या लागल्या. का? स्लीव्हचं ड्रॉइंग सळई बांधल्यावर आलं. का? इथे उत्तर येतं, ‘कन्सल्टंट ढिला आहे, साहेब.’ बहुतेक शोध इथेच गारद होतात. अशा वेळी एकच विचारायचं: या जागी दुसरा माणूस असता तर हे टळलं असतं का? ईमेलच्या तारखा पाहिल्यावर कळतं की पहिलं ड्रॉइंग वेळेत आलं होतं, उशिरा येतं ते सुधारलेलं. ते सुधारावं का लागलं? फ्लॅटधारकाने बेसिन आणि वॉशिंग मशीनची जागा बदलून मागितली. इतक्या उशिरा ते का मान्य झालं? कारण विक्री विभागाकडे बदल स्वीकारायची शेवटची तारीखच नाही.

प्रश्न पाचच असावेत असं काही नाही; कधी तीन पुरतात, कधी सात लागतात. आपल्याला बदलता येईल अशा व्यवस्थेपर्यंत पोचलो की थांबायचं. मग साखळी उलटी, ‘म्हणून’ लावत वाचायची: तारीख ठरलेली नाही, म्हणून बदल उशिरा येतात, म्हणून ड्रॉइंग सुधारतं, म्हणून सळया सरकवतात. एखादा ‘म्हणून’ अडखळला तर मधली कडी नुसता अंदाज आहे असं समजायचं.

या पद्धतीची मोठी उणीव म्हणजे एकच साखळी धरून सुसाट जाण्याचा मोह. वरच्या उदाहरणात सळया सरकवायला अर्धा दिवस पुरतो. मग पाच दिवस का जातात? हा फाटा वेगळा आहे: स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा इंजिनिअर आठवड्यातून एकदाच येतो, त्यामुळे दुरुस्तीची फेरतपासणी पुढच्या आठवड्यावर जाते. म्हणजे मुळं दोन निघाली, आणि दोन्हींचे उपाय साइट इंजिनिअरच्या हातात नाहीत. एकासाठी विक्री विभागाचा प्रमुख बैठकीला लागतो, दुसऱ्यासाठी कन्सल्टंटशी झालेला करार उघडावा लागतो.

मुळं खरीच सापडली का, हे पुढचे स्लॅब सांगतात. सेंट्रिंग सुरू झाल्यावर बदल घ्यायचा नाही, एवढा एकच नियम आधी लावायचा आणि दोन मजले तेच दिवस पुन्हा मोजायचे. दुरुस्त्या थांबल्या आणि साताचे तीन झाले, तर पहिली साखळी बरोबर होती. दुरुस्त्या थांबूनही सातच राहिले, तर दिवस दुसरीकडेच जात होते. मग पुन्हा आकृतीसमोर बसायचं. दोन्ही उपाय एकदम केले तर कुणामुळे किती दिवस वाचले, ते मात्र कधीच कळत नाही.