आयतुल कुर्सी संरक्षणासाठी म्हणतात, पण तिचा अर्थ काय?

अनेक मुस्लिम घरांत झोपण्यापूर्वी आयतुल कुर्सी म्हटली जाते. कुराणातल्या सूरह बकराची ही 255वी आयत. पण तिच्यात ‘माझं रक्षण कर’ अशी विनंती कुठेच नाही. मग संरक्षणाचा संबंध कुठून आला? क्रमाने अर्थ पाहू.

सुरुवातीला सांगितलंय की अल्लाहशिवाय कुणीही उपास्य नाही. तो ‘हय्य’ म्हणजे सदैव जिवंत आणि ‘कय्यूम’ म्हणजे सगळ्यांना सांभाळणारा आहे. त्याला डुलकी लागत नाही, झोपही येत नाही. आकाश-पृथ्वीतलं सगळं त्याचंच. त्याच्या परवानगीशिवाय त्याच्यापुढे कुणी कुणासाठी रदबदली करू शकत नाही. माणसांचं पुढचं-मागचं सगळं त्याला ठाऊक असतं. माणसांना मात्र तो कळू देईल तेवढंच कळतं.

मग येते ‘कुर्सी’. आपली ‘खुर्ची’ याच शब्दावरून आली. इथे ती आकाश आणि पृथ्वीला व्यापून आहे. काही भाष्यकार तिचा अर्थ ‘ज्ञान’ किंवा ‘सत्ता’ असा घेतात.

शेवटी उत्तर मिळतं: या दोन्हींची राखण करताना तो थकत नाही; तो सर्वोच्च आणि महान आहे. राखणारा झोपत नाही, थकत नाही, म्हणून ही आयत झोपताना म्हणतात. बुखारींच्या हदीससंग्रहातही तसा उल्लेख आहे.