पॅथॉलॉजी की गायनॅक? रँक हातात आल्यावरची निवड

नीट-पीजीचा निकाल लागला की घरातला पहिला प्रश्न रँकचा असतो आणि दुसरा त्याच्या मागोमाग येतो, "मग या रँकला काय मिळेल?" दोन लाखांहून जास्त डॉक्टर एकाच परीक्षेला बसतात, तेव्हा हा प्रश्न पडणारच. पण सुरुवात तिथून झाली की पुढचा सगळा विचार उलटा होतो. जे मिळतंय तेच आपल्याला आवडतं, अशी मनाची समजूत घालणं सुरू होतं, आणि तीन वर्षांनी, कधी दहा वर्षांनी, ती समजूत फिटते. शाखा आधी ठरवावी, रँक नंतर बघावी, असं मी दरवर्षी इंटर्न मुलामुलींना सांगतो. त्याचा अर्थ नेमका काय, ते एका उदाहरणातून मांडतो.

समजा, लातूरकडची एक मुलगी आहे. इंटर्नशिप संपली आहे, खुल्या प्रवर्गात रँक बावीस हजारांच्या आसपास आली आहे. तिला गायनॅक करायचं आहे, म्हणजे स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र. या रँकला रेडिओलॉजी किंवा त्वचारोग सरकारी कॉलेजात मिळणं जवळपास अशक्य, मेडिसिन फार अवघड. गायनॅकही काठावरच, बहुधा हुकणारं. पॅथॉलॉजीची आशा मात्र नीट धरता येते. घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात, "पॅथॉलॉजी घे बेटा, रात्रीची कटकट नाही." आई म्हणते, "अगं, पण मग तू पेशंट तपासणारच नाहीस? लोक डॉक्टर म्हणतील का तुला?"

दोघांच्याही बोलण्यात पॅथॉलॉजीचं चित्र अर्धवट आहे. मुळात 'नॉन-क्लिनिकल' असा एकच गठ्ठा नसतो. अ‍ॅनाटॉमीचा डॉक्टर शवविच्छेदन कक्षात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. फॉरेन्सिकचा डॉक्टर पोस्टमॉर्टेम करतो आणि कोर्टात साक्षीला उभा राहतो. मायक्रोबायोलॉजीचा डॉक्टर आयसीयूतल्या संसर्गाचा माग काढतो, पीएसएमचा गावागावांतून फिरतो, फार्माकॉलॉजीचा औषधांच्या चाचण्यांकडे किंवा औषध कंपनीकडे वळू शकतो. या माणसांच्या कामाच्या दिवसांत एकमेकांशी फारसं साम्य नाही. म्हणून 'क्लिनिकल की नॉन-क्लिनिकल' हा प्रश्नच ढोबळ आहे. एका शाखेसमोर दुसरी शाखा ठेवून विचार केला तरच काही हाती लागतं.

पॅथॉलॉजीचा दिवस कसा असतो ते बघा. ऑपरेशन थिएटरमधून काढलेलं स्तन, गर्भाशय, आतड्याचा तुकडा फॉर्मलिनच्या डब्यात येतो. रेसिडेंट तो मापतो, कापतो, गाठ कडेपासून किती दूर आहे ते लिहितो आणि नेमक्या जागेचे तुकडे छोट्या प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये भरतो. याला ग्रॉसिंग म्हणतात. रात्रभर ते तुकडे प्रोसेसरमध्ये जातात, मग मेणात बसवले जातात आणि मायक्रोटोमवर त्यांचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात. निळ्या-गुलाबी रंगांत रंगवलेली ती काच मायक्रोस्कोपखाली येते, तेव्हा खरं काम सुरू होतं. गाठ कर्करोगाची आहे का, कडेपर्यंत पोचली आहे का, हे त्या काचेवर ठरतं आणि पेशंटला केमोथेरपी द्यायची की नाही हे बहुतेक वेळा त्या रिपोर्टवर ठरतं. ग्रॉसिंगच्या टेबलावर चुकीच्या जागेचा तुकडा घेतला गेला, तर पुढे कितीही हुशार डोळा मायक्रोस्कोपला लावला तरी उत्तर चुकतं.

फ्रोझन सेक्शन तर वेगळीच कसोटी. पेशंट टेबलावर भूल देऊन झोपवलेला, सर्जन थांबलेला, आणि तुकडा गोठवून, कापून, रंगवून साधारण वीस-तीस मिनिटांत थिएटरला फोन करायचा असतो की पुढे कापा किंवा थांबा. "लोक डॉक्टर म्हणतील का" या आईच्या काळजीला माझं उत्तर हेच आहे. त्या अर्ध्या तासात सर्जन ज्या आवाजाची वाट बघत असतो, तो पॅथॉलॉजिस्टचा असतो. मात्र आईचं एक म्हणणं खरं आहे. तो पेशंट पॅथॉलॉजिस्टला ओळखणार नाही, पेढे घेऊन येणार नाही. काहींना ते अजिबात चालत नाही, काहींना चालतं. हा स्वभावाचा भाग आहे, त्यात कमी-जास्त काही नाही.

आता वडिलांचं "रात्रीची कटकट नाही". निम्मं खरं. सरकारी कॉलेजात पॅथॉलॉजीच्या रेसिडेंटला रक्तपेढीच्या आणि इमर्जन्सी लॅबच्या रात्रपाळ्या असतात. फरक असा की त्या पाळीनुसार ठरलेल्या असतात आणि एमडी झाल्यावर बऱ्याच अंशी संपतात. गायनॅकमध्ये इमर्जन्सीच्या दिवशी लेबर रूममध्ये गेलेली रेसिडेंट दुसऱ्या दिवशीचा राऊंड संपवूनच बाहेर पडते, आणि ही धावपळ रेसिडेन्सीबरोबर संपत नाही. स्वतःचं प्रसूतिगृह काढलं की पहाटे तीनचा फोन तिच्याच नावावर येतो. बाळाच्या हृदयाचे ठोके घसरले की सिझेरियनचा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो. अशा क्षणी मन घाबरतं की जागं होतं, हे इंटर्नशिपमध्ये कळलेलं असतं. म्हणून शाखेचं आयुष्य मोजताना तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि त्यानंतरची पंचवीस वर्षं वेगवेगळी मोजावीत. मुलं बहुधा पहिली तीनच मोजतात, कारण तीच डोळ्यांसमोर असतात.

पैशाचा हिशेबही असाच दोन टप्प्यांत करावा. प्रॅक्टिस जमली की गायनॅकला कमाईचं दार उघडं असतं, पण त्यासाठी जागा, माणसं आणि काही वर्षं लागतात. पॅथॉलॉजिस्ट स्वतःची लॅब काढू शकतो. लॅब रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं, त्यामुळे त्या सहीला कायद्याचं बळ आहे. तरीही साखळी लॅबशी स्पर्धा मोठी आहे, हे विसरून चालणार नाही. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजीसारख्या शाखांत मुख्य वाट शिकवण्याचीच. देशात २०१४ च्या आधी ३८७ मेडिकल कॉलेजं होती, आता ती साडेसातशेच्या पुढे गेली आहेत, म्हणून शिक्षकांच्या जागा आहेत. पण जागा बहुतेकदा लांबच्या जिल्ह्यांत असतात आणि खासगी कॉलेजात पगार कॉलेजागणिक बदलतो. ज्याला शिकवायला मनापासून आवडतं त्यानेच ही वाट धरावी. या शाखांच्या जागा मागे पडलेल्या असतात, २०२३ मध्ये तर रिकाम्या जागा भराव्यात म्हणून पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली गेली. सहज मिळते म्हणून घेतलेली शाखा मात्र सहज निभत नाही.

आवड खरी आहे की पांढऱ्या कोटाचं आकर्षण, हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो. इंटर्नशिपमध्ये ड्युटी संपल्यावरही तू कुठल्या पोस्टिंगला थांबलीस? आपल्या उदाहरणातली मुलगी लेबर रूममध्ये थांबायची हे खरं. पण सर्जरीच्या पोस्टिंगला ती स्वतःहून पॅथॉलॉजीत जाऊन आपल्या पेशंटची काच बघून यायची. म्हणजे तिच्यापुढे दोन खऱ्या आवडी आहेत. मायक्रोबायोलॉजीच्या नावाने मात्र ती नुसती मान हलवते. हे उत्तर मिळालं की फॉर्म भरणं सोपं होतं.

फॉर्म म्हणजे समुपदेशनातली पसंतीची यादी. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी भरते, उरलेल्या निम्म्या आपल्याकडे राज्याचा सीईटी सेल भरतो. दोन्हीकडे यादीचं तत्त्व एकच. तुमची पाळी आली की संगणक यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या रँकला शिल्लक असलेली पहिली जागा देतो. न मिळणारी जागा वर लिहिल्याने काहीही बिघडत नाही. तरी बरीच मुलं गेल्या वर्षी कितीला बंद झालं ते बघून यादी लावतात, 'मिळण्यासारखं' आधी आणि 'आवडतं' नंतर. मग खालचं आवडतं शिल्लक असूनही वरचं नावडतं पदरात पडतं. गेल्या एक-दोन वर्षांच्या फेरीवार याद्या बघाव्यात, पण त्या यादीचा क्रम लावण्यासाठी नव्हेत, यादी किती लांब लागेल याचा अंदाज घेण्यासाठी.

तिची यादी अशी झाली. सगळ्यात वर महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांतलं गायनॅक, हुकणार हे माहीत असूनही. त्याखाली मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी कॉलेजांतलं पॅथॉलॉजी. त्याखाली मोठ्या हॉस्पिटलांतलं डीएनबी गायनॅक, कारण लहान जागी पुरेशा प्रसूती हाताखालून जातील का याची तिला खात्री नव्हती. बाहेरच्या राज्यातल्या खासगी कॉलेजातलं गायनॅक तिने लिहिलंच नाही, ती फी घराला कर्जात घालणारी होती. आणि मायक्रोबायोलॉजी एकाही कॉलेजात लिहिलं नाही. वडिलांनी आग्रह धरला, "असू दे की शेवटी, सेफ्टीला." तिने नकार दिला आणि माझ्या मते योग्य केलं.

कारण सेफ्टीला लिहिलेली जागाच पुढे गळ्यात पडते. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता दंडाशिवाय बाहेर पडता येतं. पुढच्या फेऱ्यांत जागा सोडली की अनामत रक्कम जाते, आणि तिसऱ्या फेरीतून प्रवेश घेतल्यावर राजीनामा देता येत नाही. अपग्रेडचंही तसंच. पहिल्या फेरीत पुण्याचं पॅथॉलॉजी घेतलं आणि दुसरीत अपग्रेड मागितलं, तर नवी जागा मिळताच पुण्याची आपोआप दुसऱ्याच्या नावावर जाते, परत मागता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीच्या यादीत फक्त हातातल्या जागेपेक्षा खरोखर वरच्या जागा ठेवायच्या. तिच्या बाबतीत, फक्त सरकारी गायनॅक.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी का, हाही प्रश्न उरतो. परीक्षेत २०० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. म्हणजे चुकलेला एक प्रश्न बरोबर आला की पाच गुणांचा फरक पडतो, आणि मधल्या पट्ट्यात थोड्या गुणांवर रँक हजारोंनी सरकते. त्यामुळे बावीस हजारांवरून वर सरकणं अशक्य नाही. पण आधी उत्तरपत्रिकेचा हिशेब मांडावा. माहीत असून घाईत चुकलेले प्रश्न जास्त असतील, तर वर्ष कामी येईल. वाचलेलंच नव्हतं असे विषय जास्त असतील, तर हॉस्पिटलची नोकरी सांभाळत तो अभ्यास क्वचितच होतो. आणि सरकारी पॅथॉलॉजी दुसऱ्या नंबरला ज्या मुलीने मनापासून लिहिलं आहे, तिने ते मिळत असताना गायनॅकसाठी वर्ष घालवू नये असं माझं मत आहे. दुसऱ्या नंबरला तिने नाइलाजाने लिहिलं असतं, तर माझं मत वेगळं असतं.