जुना लॅपटॉप देण्यापूर्वी: डिस्क खरोखर कशी पुसावी

शेजारच्या वहिनींना त्यांचा 2018 सालचा लॅपटॉप सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीला द्यायचा होता. ती अकरावीला गेली होती. "भाऊजी, सगळं डिलीट केलंय, रिसायकल बिनही रिकामी केली. आता देऊ ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आजची रात्र माझ्याकडे राहू द्या.

फोटोरेक नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. पुसल्या गेलेल्या फाइली शोधून परत आणणं हे त्याचं काम. तो मी लॅपटॉपच्या D: ड्राइव्हवर रात्रभर चालवला आणि सापडलेलं सगळं वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर साठवायला सांगितलं. सकाळी वहिनींना बोलावून दाखवलं. मुलाच्या मुंजीचे फोटो होते, सासऱ्यांच्या आधार कार्डाची पीडीएफ होती, गृहकर्जाच्या अर्जासोबत जोडलेली बँकेची विवरणपत्रंही होती. फाइलींची मूळ नावं गेली होती, त्यांच्या जागी f0483216.jpg अशी नावं आली होती. पण उघडल्यावर आतलं सगळं जसंच्या तसं.

असं का होतं, ते आधी पाहू. मोठ्या सोसायटीत तळमजल्यावर नावांचा फलक असतो: कोणत्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, ते त्यावर लिहिलेलं. डिस्कवरही असाच एक फलक असतो, कोणती फाइल कोणत्या जागी आहे हे सांगणारा. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा विंडोज फक्त फलकावर 'ही जागा रिकामी' अशी नोंद करतं. फ्लॅटमधलं सामान कोणी हलवत नाही. तिथे नवा भाडेकरू येईपर्यंत, म्हणजे त्याच जागी दुसरी फाइल लिहिली जाईपर्यंत, जुनं सामान तसंच पडून राहतं. मोठ्या डिस्कवर ते वर्षानुवर्षं राहू शकतं.

फोटोरेक हा फलक वाचतच नाही. तो एकेक दार उघडून आत डोकावतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरलेली असते. पीडीएफ फाइल, उदाहरणार्थ, %PDF या अक्षरांनी सुरू होते. ती खूण दिसली की तिथून पुढचा मजकूर तो उचलतो.

अमेरिकेत सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलत या दोन संशोधकांनी वापरलेल्या 158 हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या 129 वाचता आल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त 12. बाकीच्यांच्या मालकांपैकी अनेकांनी फाइली डिलीट केल्या होत्या, डिस्क फॉरमॅटही केल्या होत्या.

आता कामाला लागू. लॅपटॉपमध्ये डिस्क किती आणि कोणत्या, हे सर्वांत आधी पाहायचं. Ctrl, Shift आणि Esc या तीन कळा एकदम दाबल्या की Task Manager उघडतो. त्यात Performance वर गेलं की डाव्या बाजूला Disk 0, Disk 1 अशा नोंदी दिसतात आणि त्यांच्याखाली SSD किंवा HDD असं लिहिलेलं असतं. HDD म्हणजे फिरत्या चुंबकी तबकडीची जुनी हार्ड डिस्क. SSD म्हणजे चिपवर साठवण करणारी, कोणताही फिरता भाग नसलेली डिस्क.

वहिनींच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही होत्या, आणि हे त्यांना माहीतच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी लॅपटॉप हळू चालतो म्हणून दुरुस्तीवाल्याने 256 जीबीची SSD बसवून विंडोज तिच्यावर टाकलं होतं, आणि जुनी 1 टीबीची हार्ड डिस्क आतच ठेवली होती. असे लॅपटॉप पुष्कळ घरांत आहेत. तिथे बहुतेकांकडून एकच चूक होते: विंडोज असलेली डिस्क पुसली जाते आणि फोटो असलेली राहून जाते.

पुसण्याआधी हवं ते बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच फाइली उघडून पाहा. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट कॉपी करून 'बॅकअप झाला' असं समजणारे मी पाहिले आहेत. शॉर्टकट म्हणजे नुसता पत्ता, त्यात फाइल नसते. खात्री झाली की ती बाहेरची डिस्क लॅपटॉपपासून काढून कपाटात ठेवा. पुढच्या पायऱ्यांमध्ये ती चुकून पुसली गेली, तर परत मिळवायला काही उरणार नाही.

यानंतर वनड्राइव्ह. त्याच्या फोल्डरमधल्या फाइली हाताने डिलीट करू नका. ते फोल्डर इंटरनेटवरच्या आपल्या खात्याशी जोडलेलं असतं, त्यामुळे इथे डिलीट केलेली फाइल खात्यातून आणि फोनवरूनही जाते. आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये Account खाली Unlink this PC निवडून जोडणी तोडा. क्रोममध्येही तसंच: आधी खात्यातून बाहेर पडा, मगच काही पुसा. खातं जोडलेलं असताना साठवलेले पासवर्ड पुसले, तर ते सगळीकडून पुसले जाऊ शकतात.

आता हार्ड डिस्क. File Explorer मध्ये D: वर उजवं क्लिक करून Format निवडलं की एक छोटी चौकट उघडते. तिच्यात तळाला Quick Format समोर टिक केलेली असते. ती काढायची. सगळं या टिकेवर अवलंबून आहे. टिक असेल तर विंडोज फक्त नवा कोरा फलक लावतं, सामान तसंच राहतं. टिक काढली तर ते डिस्कच्या त्या भागातल्या प्रत्येक जागी शून्य लिहितं. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. त्याआधीच्या एक्सपीत पूर्ण फॉरमॅटही जुना मजकूर पुसत नसे.

काम बरोबर चाललंय की नाही, हे घड्याळावरून कळतं. लॅपटॉपची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 एमबी लिहिते. म्हणजे 1 टीबीला पावणेतीन तास, आणि जुनी, थकलेली डिस्क असेल तर चार-पाच. फॉरमॅट दहा सेकंदांत संपला तर समजा, टिक राहून गेली. चार्जर लावून ठेवा आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा.

हार्ड डिस्कचे एकाहून अधिक भाग केलेले असतील, तर प्रत्येक अक्षरासाठी हे वेगळं करावं लागतं. वहिनींच्या डिस्कवर E: नावाचा आणखी एक भाग निघाला. SSD बसवण्याआधीचं जुनं विंडोज अख्खं त्यात पडून होतं, जुन्या पासवर्डांसकट.

एकदा शून्य लिहिलं की पुरे का? पुरे. 'पस्तीस वेळा पुसावं लागतं' असं आजही ऐकू येतं. ते पीटर गटमन यांच्या 1996 च्या लेखावरून आलं आहे. तो लेख तेव्हाच्या आणि त्याहून जुन्या डिस्कच्या वेगवेगळ्या प्रकारांबद्दल होता, आणि आधुनिक डिस्कवर सगळे पस्तीस फेरे मारण्यात अर्थ नाही, असं गटमन यांनीच पुढे स्पष्ट केलं. वहिनींच्या डिस्कवर मी एकदाच शून्यं लिहिली आणि फोटोरेक पुन्हा लावला. अर्ध्या तासानंतरही सापडलेल्या फाइलींचा आकडा शून्यच होता. आदल्या रात्री पहिल्या काही मिनिटांतच फोटो येऊ लागले होते. आपणही ही तपासणी करून पाहा, पण C: पुसण्याआधी; कारण इथे फोटोरेक आपण त्याच विंडोजमधून चालवतो.

SSD चं गणित वेगळं आहे. तिच्या चिपमधली प्रत्येक जागा ठरावीक वेळाच लिहिता येते, म्हणून डिस्कच्या आतलाच एक नियंत्रक लिखाण सगळीकडे सारखं वाटत राहतो. आपण 'याच जागी शून्य लिही' म्हटलं तरी तो ते दुसऱ्याच जागी लिहितो आणि जुनी जागा बाजूला ठेवतो. शिवाय विंडोजला कधीच न दिसणारी थोडी राखीव जागाही असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी 2011 मध्ये SSD च्या चिप थेट वाचून दाखवलं, की वरून लिहून एखादी फाइल पुसण्याचा कोणताही मार्ग तिथे भरवशाचा नाही.

म्हणून SSD वर कुलूप हा चांगला उपाय. कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन: डिस्कवर जे लिहिलं जाईल ते किल्लीशिवाय वाचता येऊ नये, अशा रूपात लिहिणं. Settings मध्ये Privacy & security खाली Device encryption दिसत असेल, तर ते चालू आहे का पाहा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत याच कामासाठी BitLocker असतं. कुलूप पहिल्या दिवसापासून असेल तर उत्तमच, कारण डिस्क पुसताना किल्ली नष्ट होते आणि कोपऱ्यात उरलेला मजकूरही कुणाला वाचता येत नाही. नसेल तर आता चालू करा आणि पूर्ण होईपर्यंत थांबा. मात्र राखीव जागेत आधीच गेलेल्या जुन्या प्रतींना हे उशिराचं कुलूप लागत नाही.

मग Settings, System, Recovery या क्रमाने जाऊन Reset PC दाबा आणि Remove everything निवडा. Keep my files नको. पुढे Local reinstall घ्या. त्यानंतरच्या पडद्यावर Change settings अशी बारीक अक्षरांतली ओळ असते. घाईत बरेच जण ती न पाहता Next दाबतात. ती उघडून Clean data? पुढे Yes करा. ते न केल्यास हा रीसेट साध्या डिलीटच्या फार पुढे जात नाही.

घरगुती लॅपटॉपसाठी मी इथे थांबतो. फोटोरेकसारख्या प्रोग्रॅमला यानंतर हाती लागण्यासारखं काही उरत नाही; चिप काढून प्रयोगशाळेत वाचणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे रुग्णांची किंवा अशिलांची कागदपत्रं असतील, तर SSD बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममधलं Secure Erase वापरा. ते डिस्कच्या नियंत्रकालाच, राखीव जागेसकट सगळं पुसायला सांगतं. कुलूपही नव्हतं आणि हा मार्गही चालत नसेल, तर ती SSD काढून ठेवून नवी बसवून देणं बरं.

रीसेट संपला की देश आणि भाषा विचारणारा पडदा येतो. तिथे काही न भरता पॉवरचं बटण दाबून लॅपटॉप बंद करा. नाहीतर पुन्हा आपलंच खातं त्यात जाईल. मग फोनवरून account.microsoft.com/devices उघडून यादीतून तो लॅपटॉप काढून टाका. वहिनींनी एवढं केलं आणि लॅपटॉप त्या मुलीच्या हातात दिला. भाषा तिनेच निवडली.

राहता राहिला सुरूच न होणारा लॅपटॉप. तो भंगारात द्यायचा असतो म्हणून कोणी पुसत नाही, पण मदरबोर्ड गेला तरी डिस्क बहुधा धडधाकट असते. खालचे स्क्रू काढून ती बाहेर घ्या किंवा दुरुस्तीवाल्याकडून आपल्या डोळ्यांसमोर काढून घ्या. हार्ड डिस्क असेल तर यूएसबीच्या डबीत बसवून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि वरच्याच पद्धतीने टिक काढून फॉरमॅट करा. डिस्कच बिघडलेली असेल आणि कशालाच दाद देत नसेल, तर ती लॅपटॉपसोबत देऊ नका. हार्ड डिस्कच्या तबकड्यांतून ड्रिलने आरपार भोकं पाडावीत, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण काही तबकड्या काचेच्या असतात. SSD ला मात्र एक भोक पुरत नाही. मजकूर ज्या चौकोनी काळ्या चिपमध्ये असतो, त्यातली प्रत्येक चिप फुटली पाहिजे.