‘द्वारा’चा पत्ता: व्हीपीएन काय झाकतो, काय नाही

सांगलीहून मामेबहिणीचा फोन आला तो तक्रारीच्या सुरातच. “दादा, पैसे भरून व्हीपीएन घेतला, तरी त्या गोळ्यांच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. फसवलं का मला?” तिला थायरॉइडचा त्रास निघाला होता. महिनाभर ती रात्री फोनवर त्याविषयी वाचत होती आणि मग जिथे तिथे त्याच आजाराच्या जाहिराती दिसू लागल्या. सासरी कुणी सहज फोन हातात घेतला तरी कळावं, इतक्या. तिने घाबरून एक व्हीपीएन घेतला. त्याच्या जाहिरातीत ‘अदृश्य व्हा’ असं लिहिलेलं होतं.

मी नेटवर्कच्या कामात आहे. तिचा फोन मागवून तपासला तेव्हा व्हीपीएन अगदी व्यवस्थित चालू होता. तो आपलं काम करत होता, पण तिला हवं होतं ते काम मुळात त्याचं नव्हतंच. हा घोळ फक्त तिचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्हीपीएन नसताना काय होतं ते पाहू. घरच्या वायफायवरून तुम्ही एखादी आरोग्याची साइट उघडता. समजा तिचं नाव example.org आणि पान example.org/thyroid. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला यातलं नेमकं काय दिसतं? बहुतेकांना वाटतं, सगळं. तसं नाही. पत्त्याच्या सुरुवातीला https असेल तर पानावरचा मजकूर, तुम्ही भरलेला पासवर्ड, शोधलेले शब्द आणि तिरक्या रेघेपुढचं `/thyroid` हे सगळं कूटबद्ध होऊन जातं. कंपनीला ते वाचता येत नाही. तिला साइटचं नाव मात्र दोन ठिकाणी दिसतं. तुमचा फोन आधी विचारतो, “example.org चा आयपी पत्ता काय?” हा प्रश्न सहसा कंपनीच्याच सर्व्हरकडे जातो. मग साइटशी बोलणं सुरू करताना पहिल्याच संदेशात फोन तिचं नाव उघड सांगतो. काही साइट्सवर आता ते नावही झाकलं जातं, पण सगळीकडे नाही. थोडक्यात, तुम्ही रात्री ११ वाजता थायरॉइडच्या साइटवर २० मिनिटं होता हे कंपनीला कळू शकतं, तिथे काय वाचलंत हे कळत नाही.

दुसऱ्या टोकाला साइट बसलेली असते. तिला तुमचा आयपी पत्ता दिसतो, म्हणजे 203.0.113.24 असा काही आकडा. त्यावरून तुमची इंटरनेट कंपनी आणि साधारण शहर कळतं. घराचा नंबर, नाव कळत नाही. मोबाइलवर तर अनेकदा कितीतरी ग्राहक एकाच वेळी एकच आयपी पत्ता वापरत असतात.

आता व्हीपीएन चालू करा. पूर्वी गावाकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलांची पत्रं ‘द्वारा’ लिहून यायची: द्वारा अमुक, सदाशिव पेठ. पाठवणाऱ्याला तेवढाच पत्ता ठाऊक, पुढे मुलगा कुठल्या खोलीत राहतो ते त्या घरमालकाला माहीत. व्हीपीएन हा नेमका तो ‘द्वारा’ आहे. तुमच्या फोनमधून निघालेलं सगळं एका कूटबद्ध बोगद्यातून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरकडे जातं आणि तिथून पुढे साइटकडे.

त्यामुळे इंटरनेट कंपनीला साइटची नावं दिसेनाशी होतात. तिला इतकंच दिसतं की हा ग्राहक 198.51.100.7 या एकाच पत्त्याशी बोलतोय, ११ वाजून १० मिनिटांनी सुरू झाला, १२ ला थांबला, इतका डेटा गेला-आला. तो पत्ता व्हीपीएनचा आहे हेही तिला बहुधा ओळखता येतं. दोन जीबी आले असतील तर व्हिडिओ पाहिला असेल, एवढा अंदाजही बांधता येतो. साइटला तुमच्या आकड्याच्या जागी 198.51.100.7 दिसतो. एवढाच बदल झाला. पण ही जी साइटची नावं इंटरनेट कंपनीच्या नजरेतून गेली, ती नाहीशी झाली नाहीत. आता ती ‘द्वारा’वाल्या घरमालकाला दिसतात. शिवाय तुमचा खरा आयपी पत्ताही त्याला माहीत आहे, आणि पैसे भरताना दिलेलं नाव किंवा ईमेलही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला २०१७ चा एक खटला याचा चांगला दाखला आहे. एक तरुण एका ओळखीच्या मुलीला महिनोन्‌महिने छळत होता. खोट्या खात्यांवरून ईमेल, तिच्या नावाने भलतेसलते मजकूर, धमक्या. प्रत्येक वेळी व्हीपीएन आणि तशीच इतर साधनं वापरून. तपासात ईमेल सेवेकडून मिळालेले आयपी पत्ते व्हीपीएनचे निघाले. इथे माग संपायला हवा होता. एफबीआयने मग व्हीपीएन कंपनीकडे विचारणा केली. तिचं नाव प्युअरव्हीपीएन. आपण कसल्याही नोंदी ठेवत नाही, असं ती कंपनी ग्राहकांना सांगत आली होती. तरीही तिच्याकडच्या नोंदींवरून एक गोष्ट सांगता आली: ही सेवा एकाच ग्राहकाने दोन आयपी पत्त्यांवरून वापरली होती. त्यातला एक पत्ता त्या तरुणाच्या घरच्या इंटरनेटचा होता, दुसरा तो नोकरी करत असलेल्या सॉफ्टवेअर कंपनीचा. दोन्ही ठिकाणी हजर असणारा माणूस एकच. २०१८ मध्ये त्याला साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली.

ती व्हायलाच हवी होती. पण व्हीपीएन घेणाऱ्याने यातून एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कोणत्या साइटवर गेलात याची नोंद वेगळी आणि कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता जोडणी केलीत याची नोंद वेगळी. ‘नोंदी ठेवत नाही’ असं म्हणताना पुष्कळ कंपन्यांना फक्त पहिली अभिप्रेत असते. माग काढायला दुसरी पुरते.

मोफत व्हीपीएनबद्दल तर जास्तच सावध राहावं. फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो ही कंपनी विकत घेतली. तिचं व्हीपीएन अ‍ॅप तुमची माहिती सुरक्षित ठेवतो म्हणायचं आणि लोक फोनवर कोणती अ‍ॅप किती वेळ वापरतात ते फेसबुकला कळवायचं. २०१८ मध्ये अ‍ॅपलने ते आपल्या दुकानातून काढायला लावलं, आणि ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

भारतात कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यानुसार लोकांना सेवा विकणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेले आयपी पत्ते अशी माहिती पाच वर्षं जपून ठेवायची. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. म्हणून एखाद्या अ‍ॅपच्या यादीत ‘भारत’ दिसला, तरी ते यंत्र सिंगापूरला किंवा लंडनला ठेवलेलं असू शकतं.

आता मामेबहिणीच्या जाहिरातींकडे येतो. जाहिरातवाल्यांनी तिला आयपी पत्त्यावरून ओळखलंच नव्हतं. तिच्या ब्राउझरमध्ये तिचं ईमेल खातं कायम लॉग इन केलेलं होतं, त्याच ब्राउझरमधून ती शोध घेत होती. पहिल्या दिवशी त्या आरोग्याच्या साइटने तिच्या फोनमध्ये ‘कुकी’ नावाची एक छोटी खूण ठेवली होती. ती खूण ब्राउझर दर भेटीत आपणहून परत दाखवतो, पत्ता कुठलाही असो. फोनमधली अ‍ॅप तर त्याहून सोपं करतात: अँड्रॉइड प्रत्येक फोनला एक जाहिरात-ओळखक्रमांक देतं आणि अ‍ॅप तो वाचू शकतात. लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर जीपीएस खरी जागा सांगतं. हे सगळं बोगद्यात शिरण्याआधीच सामानात बांधलेलं असतं. व्हीपीएन सामान उघडून पाहत नाही, ते जसंच्या तसं पलीकडे पोहोचवतो.

कुकी पुसल्या तरी स्क्रीनचा आकार, बसवलेले फाँट, भाषा, टाइमझोन, ब्राउझरची आवृत्ती यांची गोळाबेरीज करून बऱ्याच साइट्स यंत्र ओळखतात. व्हीपीएन लावून नेदरलँड्समधून आल्याचं दाखवलंत आणि फोनचं घड्याळ भारतीय वेळ, भाषा मराठी सांगत असेल, तर साइटला संशय यायला तेवढं पुरतं.

व्हीपीएनचं स्वतःचं काम तरी नीट होतंय का, हे मात्र घरी तपासता येतं. व्हीपीएन बंद ठेवून ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन पत्ते दिसू शकतात: ठिपक्यांचा छोटा, आयपीव्ही४, आणि अपूर्णविरामांनी जोडलेला लांबलचक, आयपीव्ही६. दोन्ही लिहून घ्या. मग व्हीपीएन चालू करून पुन्हा पाहा. छोटा बदलला आणि लांबलचक तसाच राहिला, तर अर्धी वाहतूक बोगद्याबाहेरून चालली आहे. आपल्याकडे मोबाइल कंपन्या आयपीव्ही६ सर्रास वापरतात, म्हणून ही तपासणी इथे जास्त महत्त्वाची. दुसरी गळती नावं विचारण्याची. ‘डीएनएस लीक टेस्ट’ असं शोधलंत की अशा चाचणीच्या साइट्स मिळतात. निकालात तुमच्याच इंटरनेट कंपनीचं नाव दिसलं, तर तुम्ही कुठल्या साइटवर चाललात हे फोन अजून तिलाच विचारतोय. शिवाय लिफ्टमध्ये, बोगद्यात, रेंज गेली की व्हीपीएन तुटतो, आणि तो परत जुळेपर्यंत अ‍ॅप उघड्यावरून बोलत राहतात. ते अडवणारी ‘किल स्विच’ नावाची सोय चांगल्या अ‍ॅपमध्ये असते, पण ती अनेकदा आपण जाऊन चालू करावी लागते.

मामेबहिणीच्या फोनवर आम्ही कुकी पुसल्या, सेटिंगमधला जाहिरात-ओळखक्रमांक काढून टाकला, आणि आजाराबद्दल वाचायला वेगळा ब्राउझर ठेवला, ज्यात ती कुठेच लॉग इन करत नाही. आठवड्याभरात गोळ्यांच्या जाहिराती जवळजवळ थांबल्या. त्या आठवड्यात व्हीपीएन बंद होता.

तुम्हीही पैसे भरण्याआधी एका कागदावर लिहून पाहा: मला कोणापासून काय लपवायचंय? उत्तर ‘इंटरनेट कंपनीपासून साइटची नावं’ किंवा ‘हॉटेलच्या वायफायवाल्यापासून’ असं आलं, तर व्हीपीएन जरूर घ्या, पण ज्या कंपनीवर तुमच्या इंटरनेट कंपनीपेक्षा जास्त विश्वास आहे तिचाच. उत्तर ‘मी रोज लॉग इन करतो त्या साइटपासून’ असं आलं, तर ते पैसे खिशात राहू द्या.