घोंगडीने चोळून कुसं निघत नाहीत

पावसाळ्यात केळव्याच्या वाड्यांमध्ये शेवग्याच्या खोडाला केसाळ सुरवंट चिकटून बसतात. पाऊस संपून थंडी पडली की कुंपणावरच्या खाजकुयलीच्या शेंगा वाळतात आणि त्यांची तांबूस लव जरा धक्का लागला तरी झडू लागते. कुणाच्या हाताला यातलं काहीही लागलं की सल्ला मात्र एकच मिळतो : चोळ. कुणी घोंगडीने चोळायला सांगतं, कुणी गोणपाटाने, कुणी डोक्याच्या केसांवर घासायला, तर कुणी शेण नाहीतर राख लावून रगडायला. साधन बदलतं, पण त्यामागची समजूत बदलत नाही. घासलं की कातडीत रुतलेली कुसं सुटून येतात, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. ही समजूत चुकीची आहे, आणि थोड्या वेळात आवरला असता असा त्रास तिच्यामुळे दोन-तीन दिवसांचा होतो. म्हणून ती इतक्या खात्रीने सांगितली जाते तेव्हा राग येतो.

सुरवंटाचं कुस म्हणजे साधा केस नाही. अनेक जातींमध्ये ते टोकदार, ठिसूळ असतं आणि त्याच्या अंगावर बारीक उलटे काटे असतात. दाब पडला की ते पुढेच सरकतं, मागे यायला काट्यांचा अडसर असतो. काही जातींत ते पोकळ असतं आणि मुळाशी विषाची ग्रंथी असते. कुस मोडलं की विष कातडीत उतरतं. नारळाच्या झावळ्यांवर किंवा आंब्याच्या पानांवर आढळणारी हिरवी काटेरी अळी या प्रकारातली. तिचा स्पर्श झाला की खाजेआधी आग होते. अशा कुसांवर घोंगडी फिरवली तर वर राहिलेली टोकं मोडतात, उरलेला भाग आणखी रुततो आणि सुटी कुसं शेजारच्या कोऱ्या कातडीवर पसरतात. याचा पुरावा रुग्णाच्या अंगावरच असतो. अळी लागली मनगटापाशी, पण लाल रेघ उठते कोपरापर्यंत. काही वेळा ती अळीच्या चालण्याची असते, पण बऱ्याचदा बोटं किंवा कापड जिकडे ओढलं गेलं तिकडे कुसांनी सोडलेली वाट असते. रेघ लांबली की लोक म्हणतात, विष चढतंय. विष वर चढत नाही, चोळणारा हात कुसं वर नेतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की घोंगडीने बरं वाटतं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. बरं वाटतं हे खरंच आहे, त्याचं कारण मात्र वेगळं आहे. खरखरीत घर्षणाची जोरदार संवेदना मेंदूकडे गेली की तेवढ्यापुरती खाज दबते. खाजवल्यावर सुख वाटतं ते याचमुळे. शिवाय घोंगडीच्या लोकरीत काही सुटी कुसं अडकून येतातही, हे मान्य करायला हवं. पण जी कुसं नुसती वर पडलेली असतात ती न घासताही उचलता येतात आणि जी रुतलेली असतात त्यांना घोंगडी आतच ढकलते. चोळून झाल्यावर तासाभराने खाज दुप्पट जोराने का परतते, याचं उत्तर यातच आहे.

खाजकुयलीबद्दल तर प्रयोगशाळेतला पुरावा आहे. खाजेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ कित्येक दशकं हीच लव माणसाच्या कातडीत टोचून प्रयोग करत आले आहेत. १९५५ मध्ये शेली आणि आर्थर या संशोधकांनी तिच्यातलं खाज आणणारं प्रथिन वेगळं दाखवलं आणि त्याला म्युक्युनेन हे नाव दिलं. २००८ मध्ये एथन लर्नर यांच्या गटाने ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’मध्ये दाखवून दिलं की हे प्रथिनं पचवणारं विकर कातडीतल्या विशिष्ट ग्राहकांना थेट चेतवतं. हीच लव भरपूर उष्णता देऊन निष्क्रिय केली तर ती टोचूनही खाज येत नाही. म्हणजे त्रास टोचण्याचा नाही, कुसावरच्या विकराचा आहे, आणि कुस कातडीत आहे तोवर तो चालू राहू शकतो. यातून दोन गोष्टी कळतात. एक, पहिलं काम औषध लावण्याचं नसून कुस काढण्याचं आहे. दुसरी, ही खाज मुख्यतः हिस्टामिनमुळे होत नाही, म्हणून ‘ॲलर्जीची गोळी घेतली तरी उतरली नाही’ अशी तक्रार खाजकुयलीच्या बाबतीत खरी असते. सुरवंटाच्या खाजेत मात्र या गोळीचा बऱ्याचदा उपयोग होतो.

मग करायचं काय? समजा, वाडीत शेवग्याच्या शेंगा काढताना एखाद्याचा दंड खोडावरच्या सुरवंटांना घासला. हात जिथे आहे तिथेच थांबवावा, खाजवू नये. अळी अंगावर असेल तर काटकीने उचलून टाकावी, झटकू नये. सदरा डोक्यावरून ओढून काढला तर कुसं मान आणि डोळ्यांपर्यंत जातात, म्हणून बटणं सोडून, बाहेरची बाजू आत घेत काढावा. मग रुंद चिकटपट्टी, दुकानात खोकी बंद करायला वापरतात तीसुद्धा चालते, कोरड्या कातडीवर हलकेच दाबून सरळ वर उचलावी. प्रत्येक वेळी नवा तुकडा घ्यावा, कारण वापरलेल्या पट्टीवरची कुसं पुन्हा टोचतात. काढलेली पट्टी उजेडासमोर धरली की तिच्यावर बारीक केस दिसतात. खाजकुयलीची लव तांबूस असल्याने पांढऱ्या कागदावर आणखी स्पष्ट दिसते. पट्टीवर काही येईनासं होईपर्यंत हे करत राहावं. त्यानंतरच वाहत्या पाण्याखाली साबणाने न रगडता धुवावं आणि पंच्याने न पुसता वाऱ्यावर सुकू द्यावं.

हा क्रम उलटला की काम बिघडतं. आधी खोबरेल किंवा कॅलामाइन लावलं तर पट्टी चिकटतच नाही. कुसं काढून झाल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरावा, मग कॅलामाइन लावावं. फार सूज असेल तर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलम डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारून घ्यावं. कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवावेत.

बाकीच्या समजुती थोडक्यात. चुना लावला तर तो कातडी भाजतो. शेणाने खरचटलेल्या जागी जंतू जातात, धनुर्वाताचेही. मेलेली अळी, तिची कात आणि कोश यांवरची कुसंही खाज आणतात, म्हणून मेलेल्या अळ्यांचा ढीग उघड्या हाताने उचलू नये. अळीला हात लावला नव्हता म्हणून ती कारण नाही, असंही म्हणता येत नाही. झाडाखाली वाळत घातलेल्या कपड्यांतून कुसं अंगावर येतात.

मात्र रेघेसारखं प्रत्येक पुरळ अळीचंच असतं, असंही नाही. अळी किंवा खाजकुयलीचा त्रास बहुधा लागलीच सुरू होतो. संध्याकाळी दिव्याभोवती येणारा काळा-नारिंगी बारीक किडा अंगावर चिरडला गेला तर भाजल्यासारखी रेघ बहुधा दुसऱ्या दिवशी उठते आणि तिच्यात फोड येतात. तिथे चिकटपट्टीचा उपयोग नसतो, जागा साबणाने धुवावी लागते. नागीण शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्याने येते आणि पुरळाआधी बहुधा दुखू लागतं. तिच्यावरचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू करणं फायद्याचं असतं, म्हणून थांबू नये.

कुस डोळ्यात गेलं असेल तर घरगुती उपाय एवढाच : न चोळता पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडायची आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. उलट्या काट्यांमुळे कुस बुबुळातून आत सरकू शकतं आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच काढावं लागतं. ओठ, जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर येणं, अंगभर गांधी उठणं यांपैकी काहीही दिसलं तर चिकटपट्टी शोधत बसू नये, १०८ला फोन करून रुग्णवाहिका मागवावी.