लेखा विभागाची सही शेवटी

नोकरी सोडताना हाती येणारा ‘ना देय’ फॉर्म अनेकजण जो साहेब जागेवर दिसेल त्याच्याकडून सही करून घेतात. इथेच घोळ होतो. पहिली सही स्वतःच्या विभागप्रमुखाची, कारण कामाचा चार्ज कोणाला दिला हे त्यांनाच ठाऊक असतं. मग स्टोअर, आयटी, प्रशासन. लेखा विभाग या सगळ्यांनंतर, कारण प्रत्येकाने लिहिलेली वसुली तिथेच हिशेबात येते.

समजा, दौऱ्यासाठी 10,000 रुपये उचल घेतली आणि बिलं 7,600 ची दिली. लॅपटॉपचा चार्जर हरवला, त्याचे 1,800. आयटीने सही अडवून ठेवू नये. शेऱ्यात ‘चार्जर नाही, वसुली 1,800’ असं लिहून सही करावी. लेखा विभाग मग 2,400 आणि 1,800 मिळून 4,200 रुपये अंतिम हिशेबातून वळते करतो. लेख्याची सही आधी झाली असती, तर चार्जर हिशेबातून सुटला असता आणि महिन्याभराने वसुलीचं पत्र घरी आलं असतं.

शेरा मोघम नको. ‘साहित्य बाकी’ एवढंच लिहिलं असेल, तर वस्तू आणि रक्कम लिहून मागा. पूर्ण भरलेल्या फॉर्मची प्रतही स्वतःकडे ठेवा.